कपबशा कुणासाठी काढल्यात?

स्वयंपाक चालू असेल तर चालू द्या, हात थांबवू नका. आजची गोष्ट ऐकायचीच आहे.

दसरा-दिवाळी झाली की आपल्या बीड जिल्ह्यातल्या गावागावांतून ट्रक आणि ट्रॅक्टर भरून माणसं ऊसतोडीला निघतील. मागं म्हातारी माणसं आणि शाळेतली लेकरं राहतील. मग पाच-सहा महिने घर चालेल ते फोनवर. आम्ही बचत गटाच्या बायकांनी यंदा त्या फोनवरच एक छोटं नाटुकलं केलं आणि मोबाईलवर त्याचा सिनेमा काढला. नाव ठेवलं 'रेंज'. नऊ मिनिटांचा आहे. एक बाई कोपीवरून घरी फोन करते, एवढंच त्यात आहे. आणि तो सगळा एका दमात टिपलेला आहे. कॅमेरा एकदा चालू झाला तो नऊ मिनिटांनी बंद झाला, मध्ये कुठं तोडलेला नाही, जोडलेला नाही. तो कसा काढला आणि असाच का काढला, ते आज सांगणार आहोत.

आधी गोष्ट सांगतो. सिंधू नावाची बाई आहे, वय चौतीस. नवरा-बायको मिळून एक कोयता, कोल्हापूरकडच्या कारखान्यावर. थोरली मुलगी पूजा दहावीला, म्हणून तिला गावी आजीजवळ ठेवलं आहे. जानेवारी महिना, संध्याकाळची वेळ. सिंधू डोक्यावर वाढ्यांचा भारा घेऊन कोपीकडे येते, भारा टाकते, चूल फुंकते, पीठ मळायला घेते. तेवढ्यात घरून मिस कॉल येतो. आपल्याकडे मिस कॉल म्हणजे 'तू लाव', हे सांगायला नको. कोपीत रेंज नाही. ती पिठाचा हात पुसत बांधावर चढते आणि फोन लावते. फोन सासू उचलते.

पहिली दोन मिनिटं साधं बोलणं. शेळी व्याली का, बी.पी.च्या गोळ्या आणल्या का, लाईटचं बिल आलं का. सिंधूचा अंगठा कोयत्यानं कापलेला आहे, त्यावर चिंधी बांधली आहे. सासू हाताचं विचारते तेव्हा ती म्हणते, "बरा हाय की, कुठं काय झालंय." आपल्याला चिंधी दिसते आहे, सासूला दिसत नाही. म्हणजे लपवालपवी इकडूनही आहे.

मग ती म्हणते, "पूजाला द्या की." सासू सांगते की ती पाण्याला गेली आहे. बोलणं जरा पुढं जातं. सिंधू पुन्हा विचारते आणि म्हणते, "झोपली? आता तर म्हणलात पाण्याला गेली." इथं ती गप्प होते. नुसती ऐकत उभी राहते. मग हळूच विचारते, "आत्याबाई, घरात कोण आलंय?" कुणी नाही, असं उत्तर आलेलं कळतं. आणि मग ती म्हणते, "मग कपबशा कुणासाठी काढल्यात?"

आपल्या घरात चहा ग्लासात पितात किंवा स्टीलच्या कपात. फळीवरच्या कपबशा खाली येतात त्या पाहुण्यांसाठी. दहावीतली मुलगी घरात, आई-बाप बाहेरगावी, तिन्हीसांजेला कपबशा वाजतात. पुढं सांगायची गरज राहत नाही.

सासू पोरीला फोन देते. शेजारी माणसं बसलेली, त्यामुळं पोरगी 'हो' आणि 'बरं' एवढंच बोलते. सिंधू विचारते, शाळेत जातेस ना, गणिताचे सर काय म्हणतात, आज डबा काय नेला. आणि एकदम म्हणते, "साडी? कुणी नेसवली साडी?" आणि तेवढ्यात रेंज जाते.

ती बांधावर इकडून तिकडं फिरते, फोन वर धरते. खालून नवरा हाक मारतो, ट्रॅक्टरचा हॉर्न वाजतो, गाडी भरायला आली आहे. मग ती पुन्हा फोन लावते, पण घरी नाही. गावच्या अंगणवाडीच्या ताईंना लावते. रिंग जाते, जाते, आणि कुणीतरी उचलतं. सिंधू म्हणते, "ताई, मी सिंधू बोलते." इथं सिनेमा संपतो.

आता हा एका दमात का काढला? खरं कारण आधी सांगून टाकतो. आमच्यातल्या कुणालाच तुकडे जोडता येत नव्हते. गटात एक बरा मोबाईल होता, लॅपटॉप नव्हता. एका दमात काढला म्हणजे जोडायची कटकट नाही, एवढाच हिशेब होता. काम सोपं होईल असं वाटलं होतं. ते सोपं नव्हतं, पण ते पुढं सांगतो.

आमच्यातल्या एकीचा भाचा लग्नाचे व्हिडिओ काढतो. त्याला आम्ही सल्ल्याला बोलावलं. त्यानं गोष्ट ऐकली आणि म्हणाला, "मावशी, इकडचं थोडं, तिकडचं थोडं दाखवा. घरात पाहुणे बसलेत, पोरगी साडीत रडतीय, असं दाखवलं की लोक हलतील. जोडून मी देतो." आम्हाला पटलं. पोरीसाठी साडीही काढून ठेवली. पण सिंधूचं काम करणारी आमची जी मैत्रीण, ती अकरा हंगाम ऊसतोडीला गेलेली आहे. ती इतका वेळ गप्प होती. ती म्हणाली, "मला कुठं दिसत होतं घर?"

त्या एका वाक्यावर सगळं ठरलं. फोन करणाऱ्या बाईला घर दिसत नाही. तिला फक्त आवाज येतो, आणि त्या आवाजावरून तिला सगळं ओळखावं लागतं. आपण कॅमेरा घरात नेला, तर बघणाऱ्याला तिच्याआधी कळतं. मग तो तिची कीव करत बसतो, कारण त्याला माहीत आहे आणि तिला नाही. कॅमेरा तिच्यापाशीच थांबला, तर बघणाराही तिच्याबरोबर आंधळा होतो. कपबशा तिला ऐकू आल्या तेव्हाच त्याला कळतात. आणि मध्ये तोड नसल्यामुळं त्याला सुटकाही नाही. ती गप्प उभी राहिली तर त्यालाही तेवढाच वेळ गप्प बसावं लागतं.

म्हणजे जोडता येत नव्हतं म्हणून धरलेली वाट गोष्टीला बरोबर बसली. ही काही आमची नवी युक्ती नाही. भाच्यानंच नंतर सांगितलं की हिचकॉक नावाच्या मोठ्या दिग्दर्शकानं १९४८ साली 'रोप' नावाचा सिनेमा असा केला होता. त्या काळी कॅमेऱ्यात फिल्मचं रीळ दहाएक मिनिटांचंच मावायचं, म्हणून त्याला कुणाच्या तरी पाठीवर कॅमेरा नेऊन, अंधार करून, जोड लपवावा लागे. २००२ साली 'रशियन आर्क' नावाचा रशियन सिनेमा आला, तो दीड तासाच्या वर आहे आणि खरोखर एका दमात काढलेला आहे. तोही आधीचे प्रयत्न फसून चौथ्या वेळेला जमला. हे ऐकून आम्हाला जरा धीर आला.

आणि एकटं माणूस न दिसणाऱ्या माणसांशी बोलतं, हे तर आपल्याला मुळीच नवं नाही. आपल्या मराठवाड्याच्या लक्ष्मण देशपांड्यांनी 'वऱ्हाड निघालंय लंडनला' मध्ये एकट्यानं पन्नासावर माणसं उभी केली. शेजारी कुणी नसताना आपल्याला अख्खं वऱ्हाड दिसत होतं. फोनवरच्या बाईलाही तेच करायचं असतं.

पण फोनवरचं बोलणं लिहिणं अवघड असतं, ते आम्हाला लिहायला बसल्यावर कळलं. आम्ही आधी दोन्ही बाजूंचं बोलणं ऐकू येईल असं ठेवलं होतं, फोन स्पीकरवर टाकून. सरावात बघितलं तर सगळ्या जणी फोनकडं बघायल्या, सिंधूच्या तोंडाकडं कुणीच बघेना. म्हणून स्पीकर काढला. मग दुसरी चूक झाली. पलीकडचं कळावं म्हणून सिंधू प्रत्येक गोष्ट परत बोलू लागली. "काय म्हणता, शेळी व्याली? काय म्हणता, दोन पिल्लं झाली?" अशी कुणी बोलतं का फोनवर? ऐकणाऱ्याला लगेच कळतं की हे नाटक आहे.

त्यावर आम्ही नियम केला. साध्या गोष्टींना उत्तर फक्त द्यायचं, परत बोलायचं नाही. "दोन्ही पाट्या का? बरं झालं," म्हटलं की शेळी व्याली, पिल्लं किती, सगळं आपोआप कळतं. परत बोलायचं फक्त तिथं, जिथं ऐकलेलं तिला खरं वाटत नाही. आख्ख्या नऊ मिनिटांत ती पलीकडचा शब्द दोनदाच परत बोलते, 'झोपली?' आणि 'साडी?'. म्हणूनच ते दोन शब्द लागतात. शंभरदा परत बोलली असती तर साडीही शेळीच्या ओळीत जाऊन बसली असती.

तिसरी अडचण थांबण्याची. सरावात ती बंद फोन कानाला लावून बोलायची. पलीकडं कुणी नाही, त्यामुळं ती थांबतच नव्हती. नऊ मिनिटांचं नाटक पाचव्या मिनिटाला संपायचं. शेवटी आम्ही खरा फोन लावायचं ठरवलं. सासूचं काम करणाऱ्या आक्का शाळेच्या मागं ओट्यावर कागद घेऊन बसल्या, शेजारी पूजाचं काम करणारी मुलगी. त्यांचा आवाज सिनेमात येत नाही, पण त्या दर वेळी खरोखर बोलल्या. मग सिंधूचं ऐकणं खरं झालं. माणूस ऐकताना मान कशी खाली घालतं, पायाच्या बोटानं माती कशी उकरतं, हे शिकवून येत नाही. पलीकडं कुणी बोलत असेल तरच ते होतं.

आता काढायची पद्धत सांगतो, कारण दोन-तीन गावांतल्या गटांनी आम्हाला विचारलं आहे.

एप्रिलमध्ये मंडळी परत आल्यावर आम्ही गावाच्या कडेला पडीक रानात कोपी उभी केली. वाढे शेजारच्या ओलिताच्या गावातून आणले. गोष्ट जानेवारीची, म्हणून सिंधूला स्वेटर आणि कानाला मफलर. एप्रिलच्या उन्हाळ्यात ती बिचारी घामानं निथळायची आणि दर टेकच्या आधी तोंड पुसून थंडी वाजल्यासारखं करायची. हसू नका, आम्ही आधीच पुष्कळ हसलो आहोत.

पहिलं काम चालण्याचं. भारा कुठं टाकायचा, चुलीपाशी कुठं बसायचं, बांधावर कुठं थांबायचं, तिथं चुन्याचे ठिपके दिले. कॅमेरा धरणारीलाही वेगळे ठिपके दिले. तिनं मोबाईल दोन्ही हातांनी छातीपाशी धरायचा, कोपर अंगाला चिकटवायचे, गुडघे थोडे वाकवून अनवाणी चालायचं, म्हणजे चित्र कमी हलतं. बांधावर चढताना तिला उलटं चालायचं होतं. ती पडू नये म्हणून दुसरी एक जण मागून तिची कंबर धरून चालायची. कॅमेऱ्याशिवाय नुसतं असं चालणं आम्ही चार दिवस केलं. बोलणं पाठ व्हायला दोन दिवस लागले, पाय पाठ व्हायला चार.

दुसरं काम उजेडाचं. मोबाईलचा कॅमेरा उजेड स्वतःच कमी-जास्त करतो. चुलीचा जाळ समोर आला की बाकी सगळं काळं, आणि बाई बांधावर गेली की आभाळ एकदम पांढरं. तुकडे असते तर प्रत्येक तुकड्याला उजेड वेगळा लावता आला असता. एका दमात ते जमत नाही. म्हणून आम्ही वेळ निवडली, सूर्य बुडाल्यानंतरची वीसेक मिनिटं. तेव्हा आभाळ आणि चुलीचा जाळ जवळजवळ सारखे दिसतात. शिवाय स्क्रीनवर तिच्या तोंडावर बोट दाबून धरलं की कुलपाची खूण येते, मग कॅमेरा उजेड बदलत बसत नाही. पण वीस मिनिटांत नऊ मिनिटांचा सिनेमा म्हणजे दिवसाला एक टेक, फार तर दोन. चुकलं की उद्या. आम्हाला पाच संध्याकाळी लागल्या, सहा टेक झाले.

पहिल्या टेकला एक लेकरू धावत येऊन कॅमेऱ्यात डोकावलं. दुसऱ्याला कुलूप लावायचं राहिलं आणि जाळ लागताच सिंधू भुतासारखी काळी झाली. तिसरा सगळ्यात वाईट गेला. सातवं मिनिट चालू होतं, आणि ज्या मोबाईलनं काढत होतो त्यावरच कुणाचा तरी फोन आला. रेकॉर्डिंग बंद. काढणारा मोबाईल विमानाच्या खुणेवर टाकायचा, हे आम्ही त्या दिवशी शिकलो. मोबाईलमध्ये जागाही मोकळी करून ठेवा. आमच्या मोबाईलला मिनिटाला शंभर-सव्वाशे एमबी लागत होते, म्हणजे एका टेकला एक जीबीच्या आसपास.

चौथ्या टेकला आवाज गेला. कॅमेरा चार पावलं लांब, वारा सुटलेला, बोलणं ऐकूच येईना. पाचव्याच्या वेळी आम्ही दुसरा एक मोबाईल आवाज टिपायला तिच्या पदराखाली खोचला. चित्र उत्तम आलं, पण आवाजात सगळी पदराची खसखस. सहाव्याला तो मोबाईल मफलरच्या आत, गळ्यापाशी, फडक्यात गुंडाळून बांधला. सुरुवातीला एक टाळी वाजवली, म्हणजे नंतर चित्रातली टाळी आणि आवाजातली टाळी जुळवता येते. तेवढं एक जुळवायचं काम भाच्यानं केलं.

सहावा टेक आम्ही ठेवला. त्यातही चुका आहेत. चौथ्या मिनिटाला एक कुत्रं मधून जातं. 'साडी'च्या पुढं रेंज जाते असं आम्ही लिहिलं होतं, पण त्या दिवशी खरीच रेंज त्याच्याही आधी एकदा गेली. तुकडे असते तर आम्ही थांबलो असतो. इथं थांबता येत नव्हतं. ती "हॅलो, हॅलो" करत चार पावलं पुढं गेली, तिनं परत फोन लावला, आक्कांनी उचलला, बोलणं पुढं चाललं. ते तसंच ठेवलं आहे. आणि अंगठ्याची चिंधी सुटली. तिनं फोन खांद्यात धरला, पलीकडचं ऐकत ऐकत दातानं गाठ मारली आणि तोंडानं म्हणाली, "कुठं काय झालंय." हे कुणी लिहिलेलं नव्हतं. आज सिनेमा बघणारी प्रत्येक बाई पहिल्यांदा त्या गाठीबद्दलच बोलते.

आणखी एक गोष्ट लिहिलेली नव्हती. 'झोपली?' नंतर गप्प राहायचं, तिथं कागदावर आम्ही चार सेकंद लिहिले होते. टेकमध्ये ती अकरा सेकंद गप्प राहिली. कॅमेरा धरणारीला वाटलं, विसरली. आम्ही नंतर म्हणालो, जरा लांबलं का गं? ती म्हणाली, "तेवढाच वेळ लागला होता मला." तिच्या थोरलीचं काय झालं ते गावाला माहीत आहे. आम्ही पुढं विचारलं नाही. ते अकरा सेकंद तसेच राहिले.

शेवटावरून मात्र आमचं भांडण झालं. दोघी म्हणाल्या, सिंधूनं तिथूनच गाडी पकडून गावाला यावं. ऊस तोडून आलेल्या बायका यावर हसल्या. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. उचल दोघांच्या नावावर घेतलेली. एक गेली की कोयता मोडला. खाडा धरतात, पैसे कापतात आणि मुकादम सोडत नाही. रात्री गाडी भरायची ती वेगळीच. जी निघूच शकत नाही, तिला पळत आलेली दाखवली तर बघणाऱ्या बाया म्हणतील, ही आमची गोष्ट नव्हे.

मग तिच्या हातात काय उरतं? तोच फोन. आणि बॅटरी थोडी. ती कुणाला लावणार, यावर आम्ही एक दुपार बसलो. नवऱ्याला सांगितलं तर तो आईविरुद्ध जाईलच असं नाही. अठराच्या आत मुलीचं लग्न हा गुन्हा आहे, गावात ते रोखायची जबाबदारी ग्रामसेवकावर आहे, आणि १०९८ हा मुलांच्या मदतीचा नंबर फुकट लागतो, हे आम्हाला गटात माहीत आहे. पण रानात उभ्या असलेल्या घाबरलेल्या बाईच्या तोंडी आधी नंबर येईल का? आमच्या मैत्रिणीनं सांगितलं, आधी ओळखीचं माणूस आठवतं. म्हणून अंगणवाडीच्या ताई. त्या पूजाला लहानपणापासून ओळखतात, त्या अर्ध्या तासात घरी जाऊन उभ्या राहू शकतात, आणि पुढं ग्रामसेवकाला आणि १०९८ ला कळवायचं कसं ते त्यांना ठाऊक असतं. ताईंनी काय केलं ते आम्ही दाखवलं नाही. कॅमेरा तिच्यापाशी आहे, आणि तिला ते त्या रात्री कळणार नाही.

श्रावणात देवळाच्या मंडपात पांढऱ्या धोतरावर सिनेमा दाखवला. अकरा सेकंदांच्या गप्प जागी मागून एक जण ओरडला, "अडकला का रं?" कुणी हसलं नाही, तेव्हा तोही गप्प झाला. कपबशांच्या वाक्याला बायकांच्या बाजूनं एक हुंकार आला. पुरुषांच्या बाजूला काही जणांना कळलंच नाही, त्यांना शेजारच्यांनी समजावलं. संपल्यावर पुष्कळ जणांनी विचारलं, पुढं काय झालं? आम्ही उलट विचारलं, तुमच्या घरी काय झालं असतं? तिथं जरा कुजबुज झाली.

खरं बोलणं दुसऱ्या दिवशी गटाच्या बैठकीत झालं. एक जण म्हणाली, सिंधूची पोरगी शहाणी, तिनं 'साडी' म्हटलं. माझी पोरगी बाजूला माणसं बसली की तेवढंही बोलायची नाही. मग तिला कळवायचं कसं? त्यावर बोलता बोलता एक गोष्ट ठरली. हंगामाला निघायच्या आधी प्रत्येकीनं आपल्या लेकीबरोबर एक शब्द ठरवायचा. साधा, घरातला, कुणाला संशय येणार नाही असा. फोनवर पोरगी तो शब्द बोलली की समजायचं, काहीतरी बिनसलंय, मोकळं बोलता येत नाही. आणि आईनं त्याच वेळी काही विचारायचं नाही. फोन ठेवायचा आणि ज्यांचा नंबर आधीच ठरवून ठेवला आहे त्यांना लावायचा. तो नंबर मोबाईलमध्ये तर ठेवायचाच, आणि कागदावर लिहून कोपीतल्या डब्यातही ठेवायचा, कारण मोबाईल कधी बंद पडेल सांगता येत नाही.

आमच्या गटातल्या सात जणींनी शब्द ठरवले आहेत. कोणते, ते रेडिओवर सांगणार नाही. आक्का, म्हणजे सिनेमातली सासू, त्या बैठकीला होत्या. त्यांची सून यंदाही तोडीला जाणार आहे, नात नववीला आहे, आणि नात त्यांच्याजवळच राहणार आहे. शब्द ठरवायच्या वेळी त्या उठून बाहेर गेल्या. आम्हाला वाटलं, राग आला. थोड्या वेळानं आत आल्या आणि सुनेला म्हणाल्या, "मी भाईर व्हते. मला आइकू नाई आलं. तुम्ही दोघी ठरवा."

'रेंज' कुणाला गावात दाखवायचा असेल तर आपल्या रेडिओ केंद्रावर निरोप ठेवा. आम्ही मोबाईल आणि धोतर घेऊन येऊ. पण ट्रक निघायच्या आधी सांगा, कारण सिंधूही त्याच ट्रकमध्ये असणार आहे.